चोर कोण, आणि तिसरा रकाना

मी चोऱ्या घडवून आणते. म्हणजे कागदावर, आणि त्याही सोप्या इंग्रजीत. कुणाचा कप नाहीसा करते, कुणाची छत्री, एकदा तर एका डॉक्टरांचा बोलका पोपट. त्याखाली प्रश्न घालते आणि लोकांना विचारते, सांगा, चोर कोण? नोकरीत होते तोवर हे काम फावल्या वेळात चालायचं. निवृत्त झाल्यावर तेच मुख्य काम झालं. यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंबला, चिंतामणीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका स्टेशनरीच्या दुकानावरच्या खोलीत, दर रविवारी सकाळी मी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. ज्यांना एबीसीडी येते, शाळेत इंग्रजी झालेलं असतं, पण चार वाक्यं सलग वाचली की धाप लागते, अशी ही माणसं. अगदी नवखीही नाहीत आणि तयारही नाहीत. अशांसाठी चांगलं वाचायला काही मिळत नाही. मुलांची पुस्तकं दिली तर त्यांना लाज वाटते, वर्तमानपत्र दिलं तर झोप येते. रहस्यकथा दिली की मात्र खुर्ची पुढे ओढून बसतात.

लोकांना वाटतं, सोप्या इंग्रजीत गोष्ट लिहिणं म्हणजे काय, कुणीही लिहील. माझे यजमान अजूनही तसंच म्हणतात. म्हणून आधी हा धंदा थोडा समजावून सांगते, कारण पुढे जे झालं ते त्याशिवाय कळणार नाही.

पहिला नियम असा की अवघडपणा शब्दांत नको, विचारात हवा. गोष्टीतले जवळजवळ सगळे शब्द वाचणाऱ्याला आधीच येत असले पाहिजेत. नवीन शब्द परिच्छेदाला एखादाच, आणि तो पुन्हा पुन्हा यायला हवा, म्हणजे डिक्शनरी न उघडता अर्थ लागतो. वाक्यं छोटी. एका वाक्यात एकच गोष्ट घडते. पात्रं चार, फार तर पाच, आणि प्रत्येकाचं नाव वेगळ्या अक्षराने सुरू होणारं. एकदा मी रमेश आणि राजेश असे दोघे घातले होते, तर अर्ध्या वर्गाने राजेशला तुरुंगात टाकलं.

दुसरा नियम धाग्याचा. ज्या धाग्यावरून चोर सापडतो, तो धागा लपवायचा नाही. तो उघड्यावर ठेवायचा, साध्या वाक्यात, सुरुवातीलाच. त्याची जोडी मात्र दूर, खाली कुठेतरी ठेवायची. वाचणाऱ्याने वरची ओळ आणि खालची ओळ स्वतः जोडायची. मध्ये एखादी भलतीच संशयास्पद गोष्ट पेरायची, म्हणजे घाई करणारा तिकडे धावतो.

आणि तिसरं म्हणजे प्रश्न. गोष्ट एका दिवसात होते, प्रश्नांना आठवडा लागतो. सुरुवातीचे प्रश्न सोपे, ज्यांची उत्तरं ओळीत सरळ लिहिलेली असतात, आणि तेही गोष्टीच्याच क्रमाने. मग घटनांचा क्रम लावा. मग एखाद्या शब्दाचा अर्थ आजूबाजूच्या वाक्यांवरून ओळखा. मग चोर कोण, आणि तुम्हाला ते कशावरून कळलं. प्रश्नांची भाषा गोष्टीपेक्षा सोपी पाहिजे, नाही तर माणूस गोष्टीत पास होऊन प्रश्नात नापास होतो. एका प्रश्नाने दुसऱ्याचं उत्तर फोडता कामा नये. सगळं झालं की मी फक्त प्रश्न यजमानांच्या हातात देते, गोष्ट देत नाही. गोष्ट न वाचता त्यांची उत्तरं बरोबर आली तर ते प्रश्न फेकून द्यायचे. त्यांनी माझे कितीतरी प्रश्न असे घरबसल्या मारले आहेत, आणि दर वेळी त्यांना भारी आनंद होतो.

पण या सगळ्यात माझा लाडका प्रश्न वेगळाच आहे. वाक्य द्यायचं आणि शेजारी तीन रकाने. पहिला ट्रू, म्हणजे खरं. दुसरा फॉल्स, म्हणजे खोटं. तिसरा नॉट गिव्हन, म्हणजे हे गोष्टीत सांगितलेलंच नाही.

या तिसऱ्या रकान्यावर माझ्या वर्गाचा पहिल्यापासून राग. बोरी अरबहून एक बियाण्यांचे दुकानदार यायचे. ते एकदा पेन आपटून म्हणाले, "मॅडम, गिऱ्हाइकानं इचारलं हे बी उगवते का, तं मी हो म्हणन नाई तं नाई म्हणन. ‘सांगतलेलं नाई’ म्हणलो तं दुकान बंद कराव लागन." मी त्यांना म्हटलं, तरीही तुमच्या पाकिटावर तेच लिहायला पाहिजे. ते हसले, पण पेपरात तिसरा रकाना त्यांनी शेवटपर्यंत कोराच ठेवला.

वर्गात माझ्या दोन सवयी आहेत. कुणी उत्तर दिलं की मी म्हणते, ओळीवर बोट ठेवा. ज्या ओळीवरून उत्तर आलं ती दाखवायची. बोट ठेवायला ओळ सापडली नाही तर उत्तर कितीही पटणारं असो, ते तिसऱ्या रकान्यात जातं. दुसरी सवय फळ्याची. एकाने वाक्य लिहायचं, पुढच्याने ते मोठ्याने वाचायचं, आणि मग सगळ्यांनी मिळून रकाना सांगायचा.

ज्या गोष्टीमुळे हे सगळं झालं, ती मी उन्हाळ्यात लिहिली होती. नाव होतं ‘द मिसिंग कप’. एका शाळेत खेळाच्या स्पर्धेचा चांदीचा कप हेडमास्तरांच्या खोलीतून संध्याकाळी नाहीसा होतो. पात्रं चार. राव हेडमास्तर, लीना खेळाच्या बाई, बाला नावाचा रंगारी आणि गोपाल नावाचा वॉचमन. तिसऱ्याच ओळीत लिहिलं होतं की त्या दिवशी गावातली लाइट सहाला गेली आणि नऊला आली. मग बालाच्या हाताला रंग लागलेला दिसतो, खोलीच्या कडीलाही तोच रंग दिसतो. घाई करणारे बालाला पकडतात. पण त्याने दुपारी तेच दार रंगवलेलं असतं, हे एका ओळीत लिहिलेलं आहे. आणि खूप खाली गोपाल म्हणतो, "सात वाजता मी खोलीत टीव्हीवर मॅच पाहत होतो." लाइट नव्हती, मग मॅच कुठली? गोष्ट तिथे संपते जिथे हेडमास्तर म्हणतात, "गोपाल, मला तुला अजून एक प्रश्न विचारायचा आहे."

खाली प्रश्न. गोपाल खरं बोलला. उत्तर, फॉल्स. आणि लगेच पुढचं वाक्य, गोपालने कप घेतला. याचं उत्तर, नॉट गिव्हन.

वर्गात नुसता कल्ला झाला. खोटं बोलला म्हणजे चोरी केलीच की! मी म्हटलं, ओळीवर बोट ठेवा. तो खोटं बोलला त्या ओळीवर बोट ठेवता येतं, त्याने कप उचलला ती ओळ दाखवा. नसेल कप उचलला, नोकरीच्या वेळेत सिनेमाला गेला असेल आणि भीतीने खोटं बोलला असेल. वर्गाला ते पटलं नाही. वंदनाताईंनी तर माझ्यादेखत तिसरा रकाना खोडून पहिल्यात बरोबरची खूण केली.

वंदनाताई म्हणजे माझ्या पहिल्या रांगेतल्या पक्क्या. कळंबपासून जवळच्याच एका गावातल्या, घरी कापूस-सोयाबीनची मोठी शेती. नातू पुण्याला, तो फोनवर इंग्रजीतच बोलतो, म्हणून आजी शिकायला आलेली. त्यांना ‘इज’च्या पुढे जाता येत नसे. काल झालेलं, उद्या होणारं, सगळं त्यांच्या इंग्रजीत आत्ताच चाललेलं असायचं. त्यांचे यजमान सुधाकरभाऊ गावच्या शाळेच्या समितीचे अध्यक्ष. त्याच गावातून सुषमा यायची. ती आशा सेविका, औषधांच्या खोक्यांवरचं आपलं आपण वाचता यावं म्हणून शिकणारी. तिचे सासरे मारोतराव त्या शाळेत वॉचमन. शाळेत स्वयंपाक करणाऱ्या कांताताईही त्याच गावच्या. तिघी एकाच ऑटोने यायच्या आणि एकमेकींना चुका सांगायच्या.

दिवाळी होऊन थंडी पडली आणि एका शुक्रवारी त्या शाळेच्या कॉम्प्युटरच्या खोलीतला प्रोजेक्टर नाहीसा झाला. कुलूप तोडलेलं नव्हतं. मारोतरावांकडे किल्ली होती. त्या संध्याकाळी ते फाटकाजवळ नव्हते. विचारल्यावर म्हणाले, मी वावरात हरभऱ्याला पाणी द्यायला गेलो होतो. वॉचमनने ड्यूटी सोडून जायला नको होतं, हे खरंच. पण थ्री-फेज विजेची पाळी येते तेव्हाच मोटर चालते, ती काही ड्यूटीला विचारून येत नाही.

आणि मग गावात कुणाला तरी माझी गोष्ट आठवली. माझा कागद घरोघरी गेलेलाच होता. कुणीतरी त्याचा फोटो काढला, गोपालच्या नावाभोवती लाल गोल केला आणि गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, आपला गोपाल कोण ते ओळखा. वॉचमन, किल्ली, आणि कुठे होता ते विचारलं की भलतंच सांगतो. सगळं जुळलं. काहीजण तर म्हणायला लागले, मॅडमले आधीच माहीत होतं.

मला हे सगळं कळलं ते आठवड्याने, पुढच्या शनिवारी, जेव्हा सुधाकरभाऊ आमच्या दारात उभे राहिले. मी त्यांना आधी एकदोनदाच पाहिलं होतं. भारदस्त माणूस, बोलणं मोकळं. चहा ठेवते म्हटलं तर नको म्हणाले. खिशातून माझाच कागद काढला आणि टेबलावर पसरला.

"मॅडम, याचं उत्तर द्या."

"कशाचं?"

"चोर कोण, याचं. गोपालच ना?"

मी हसले. ते हसले नाहीत.

"सोमवारी मिटिंग हाय," ते म्हणाले. "मारोतीले काढाचं का, अन् पोलिसात देयाचं का, ते ठरवाचं हाय. लोकं तुमच्या गोष्टीचं नाव घेऊन राह्यले. तुम्ही लेखी उत्तर देलं तं कोणाच्या मनात शंका राहणार नाई."

इतकी वर्षं मी उत्तरं लिहिली, पण कुणाची नोकरी त्यावर अवलंबून असेल असं कधी मनात आलं नव्हतं. मी त्यांना तो प्रश्न दाखवला, गोपालने कप घेतला, आणि म्हटलं, "भाऊ, याचं उत्तर तिसऱ्या रकान्यात आहे. सांगितलेलं नाही."

"हे कायचं उत्तर?"

"हेच उत्तर आहे. आणि ते गोपालबद्दल आहे. मारोतरावांबद्दल मी एक अक्षर लिहिलेलं नाही."

त्यांनी कागद घडी घालून खिशात ठेवला. "तुमचं इंग्रजी तुमच्यापाशी ठेवा, मॅडम. गावाले मराठीत समजते," असं म्हणून उठले. दारात थांबून त्यांनी विचारलं, "वंदना काही बोलली का तुम्हाले?" मी नाही म्हटलं. तेव्हा मला वाटलं, बायकोच्या अभ्यासाबद्दल विचारत असतील.

दुसऱ्या दिवशी रविवार. वर्ग भरला, पण ऑटोतून त्या दिवशी तिघी एकत्र आल्या नाहीत. कांताताई आणि वंदनाताई आधी आल्या. सुषमा नंतर, यवतमाळकडून येणाऱ्या बसने, म्हणजे मुद्दाम आडवाटेने. डोक्याचा स्कार्फ न सोडता मागच्या खुर्चीत बसली. वर्गात कुजबूज चालू होती. बँकेत काम करणारी पल्लवी, यवतमाळ शहरातली, बढतीच्या मुलाखतीसाठी शिकणारी, तिने सरळच म्हटलं, "मॅडम, तुमच्या गोष्टीसारखंच झालं म्हणे!"

सुषमाने वर पाहिलं. तिच्या डोळ्यांत मला माझाच कागद दिसला. मी त्या दिवशी पोपटाची गोष्ट घेणार होते, ती पिशवीतच राहिली. मला रागही आला होता आणि भीतीही वाटत होती. उद्या मिटिंग. मी खडू उचलला आणि म्हटलं, "आज आपण गोष्ट लिहायची. खरी. शाळेच्या प्रोजेक्टरची. नियम नेहमीचे. सोपं इंग्रजी, एका वाक्यात एकच गोष्ट. आणि ‘लोक म्हणतात’ चालणार नाही. जे पाहिलं तेच."

कांताताई उठल्या आणि त्यांनी अडखळत लिहिलं की त्या आठवड्यात गुरुवारी प्रोजेक्टर खोलीत होता. पल्लवीने वाचलं. मी विचारलं, बोट कुठे? कांताताई म्हणाल्या, "गुरुवारी पोरांनी मले बोलावून फिलिम दाखवली. म्या डोळ्यानं पाह्यला." ट्रू. शनिवारी सकाळी तो नव्हता. ट्रू. कुलूप तुटलेलं नव्हतं. ट्रू. मारोतरावांकडे किल्ली होती. ट्रू. प्रत्येक ‘ट्रू’बरोबर मागच्या खुर्चीतली मान खाली जात होती. मला वाटलं, हे आपण काय करून बसलो. पण आता थांबले असते तर ते अर्धवट ट्रूच सगळे घरी घेऊन गेले असते.

मग सुषमा उठली. तिने स्कार्फ सोडला, फळ्याजवळ आली आणि लिहिलं, शुक्रवारी संध्याकाळी मारोती वावरात होते. सासऱ्यांचं नाव लिहिताना तिचा हात थांबला. घरी ती त्यांना मामाजी म्हणते.

"पण तेव्हा लाइट नव्हती म्हणे गावात," पल्लवी म्हणाली. "मग मोटर कशी चालेल? अगदी गोपालसारखंच!"

त्यावर शेतीवाल्या बायका एकदम बोलल्या. कांताताईंना तर हसूच फुटलं. "अवो ताई, वावराची लाइन येगळी अस्ते! गावात अंधार अन् वावरात मोटर, असं आमचं रोजचंच हाय." पल्लवीने जीभ चावली. फळ्यासमोर सुषमाच्या चेहऱ्यावर जरा जीव आला.

पण मला नियम पाळायचाच होता. मी विचारलं, "त्यांना वावरात कुणी पाहिलं?" कुणी पाहिलं नव्हतं. वावर नाल्यापलीकडे, शेजारचा धुरेकरी, म्हणजे बांधाला लागून असलेला शेतकरी, लग्नाला गेलेला. मी सुषमाकडे पाहिलं. ती वाचन शिकली होती माझ्याकडूनच. तिने स्वतःच खडू घेतला आणि आपल्या वाक्यापुढे तिसऱ्या रकान्यात खूण केली. नॉट गिव्हन. मग खडू न ठेवता खाली आणखी एक वाक्य लिहिलं, मारोतीने प्रोजेक्टर घेतला. आणि वर्गाकडे वळून मराठीत म्हणाली, "आता याच्यावर बोट ठेवा कोणी."

सगळे फळ्याकडे पाहत होते. ओळी पाच-सहाच होत्या. बोट ठेवायला ओळ नव्हती. पल्लवीच हळू म्हणाली, "नॉट गिव्हन." मग बाकीच्याही म्हणाल्या. एक वंदनाताई सोडून. त्या पहिल्या रांगेत वही मिटून बसल्या होत्या.

"मॅडम," सुषमा म्हणाली, "मी एक प्रश्न लिहू?"

मी हो म्हटलं. तिने लिहिलं, किल्ली कुणाकुणाकडे होती? साधा पहिल्या पायरीचा प्रश्न, मी गोष्टीखाली सर्वात वर घालते तसला. गावात आठवडाभर एवढा गवगवा झाला आणि हा कुणी विचारला नव्हता. कांताताईंनी बोटांवर मोजत सांगितलं, "एक हेडमास्तरपाशी. ते गुरुवारीच यवतमाळले गेलते. एक मारोतीभाऊपाशी. अन् एक..." आणि त्या थांबल्या. तिसरी किल्ली अध्यक्षांच्या घरी असते, हे त्या गावात सगळ्यांना माहीत होतं.

मी वंदनाताईंकडे पाहिलं नाही. कुणीच पाहिलं नाही, आणि ते न पाहणंच फार जड होतं. मला वाटलं, त्या आता वही उचलून निघून जातील. त्यांची खुर्ची मागे सरकली.

त्या फळ्याजवळ आल्या. सुषमाच्या हातातून खडू घेतला. त्यांचं अक्षर मोठं, मुलांसारखं. प्रत्येक शब्दानंतर त्या थांबत होत्या. द. प्रोजेक्टर. इज. इन. पुढचा शब्द त्यांनी लिहिला, पुसला आणि पुन्हा लिहिला. माय. हाऊस.

आमच्या नियमाने पुढच्याने वाचायचं होतं, आणि पुढे सुषमाच उभी होती. ती वाचेना. काल दारात सुधाकरभाऊंनी तसं का विचारलं होतं ते मला आता कळलं. वंदनाताईंनी सुषमाची वाट पाहिली. मग स्वतःच आपल्या वाक्यावर बोट ठेवलं, डावीकडून उजवीकडे सरकवत मोठ्याने वाचलं, "द प्रोजेक्टर इज इन माय हाऊस," आणि आमच्याकडे पाहून म्हणाल्या, "ट्रू."

मग त्या फळ्याला टेकून रडल्या. सुषमाने त्यांना धरून खुर्चीवर बसवलं आणि आपल्या बाटलीतलं पाणी दिलं. मला तेव्हा सुषमाचा जितका अभिमान वाटला तितका आयुष्यात कुठल्याच पहिल्या नंबरच्या विद्यार्थ्याचा वाटला नाही.

नंतर चहा पिताना कळलं ते असं. त्यांचा मुलगा, चांगला लग्नाला आलेला, घरी ठेवलेली शाळेची किल्ली घेऊन शुक्रवारी प्रोजेक्टर घेऊन गेला होता. मित्रांबरोबर वावरातल्या बंगलीच्या भिंतीवर मॅच पाहायला. सकाळी परत ठेवणार होता. नेताना प्रोजेक्टर गाडीवरून पडला आणि फुटला. त्याने तो कापसाच्या खोलीत गंजीखाली दडवला. वंदनाताई कापूस काढायला गेल्या तेव्हा त्यांना तो सापडला. तोवर सुधाकरभाऊ गावभर मारोतरावांचं नाव घेऊन बसले होते. खरं कळल्यावर त्यांना मागे फिरता येईना. बायकोला म्हणाले, तोंड उघडू नको.

"मराठीत सांगाचं म्हणलं तं पयले लेकाचं नाव येते तोंडात, मंग आमच्या मालकाचं," वंदनाताई म्हणाल्या. "ते काही जिभेवर येऊन नाई राह्यलं आठ दिस. इंग्रजीत मले ‘इज’च येते. कोणी आणला, काहून आणला, ते काई सांगाव लागत नाई. हाय, एवढंच."

इतकी वर्षं मी सोप्या इंग्रजीचे फायदे लोकांना सांगत आले. हा मला माहीत नव्हता.

सोमवारी मिटिंग झाली, पण मारोतरावांवर नाही. प्रोजेक्टर दुरुस्त होऊन शाळेत आला. किल्ल्या आता दोनच ठेवल्या आहेत. सुधाकरभाऊ अध्यक्ष राहिले नाहीत, तब्येतीचं कारण सांगून बाजूला झाले. गावाच्या ग्रुपवरचा तो लाल गोल कुणीतरी काढून टाकला, पण मारोतरावांची माफी कुणी मागितली नाही. हे मला अजूनही सलतं. गोष्टीखाली मी दहा प्रश्न घालते, पण संशय खोटा ठरला तर ज्याच्यावर होता त्याच्याकडे जाऊन काय बोलायचं, हा प्रश्न मी कधी घातला नव्हता. आता घालते.

वंदनाताई बरेच रविवार आल्या नाहीत. घरी त्यांच्याशी कुणी नीट बोलत नव्हतं, असं कांताताई सांगायच्या. मग संक्रांतीनंतर एका रविवारी तिघी एकाच ऑटोतून उतरल्या. वंदनाताई नेहमीच्या खुर्चीत बसल्या, वही उघडली आणि मला म्हणाल्या, "मॅडम, आता पुढचं शिकवा. ‘वॉज’."

परवा मी त्या शाळेत गेले होते, मुलांसाठी एक गोष्ट घेऊन. फाटकावर मारोतराव होते. मला पाहून खुर्चीवरून उठले, टोपी सारखी केली. सुनेकडून शिकून त्यांनी एक वाक्य पाठ केलं आहे, सुषमाने मला सांगितलं होतं. येईल त्या शिकलेल्या माणसाला ते ऐकवतात म्हणे.

"मॅडम," ते म्हणाले, "आय वॉज इन द फील्ड."

आणि माझ्या तोंडाकडे पाहत थांबले. ओळ कुठेच नव्हती, बोट ठेवायला काहीही नव्हतं.

"ट्रू," मी म्हटलं.